ऑक्सिमीटरवर ९२ दिसतंय? आधी हे तपासा आणि दवाखाना कधी गाठायचा ते समजून घ्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घाईघाईने घेतलेला ऑक्सिमीटर आज अनेक घरांत औषधांच्या डब्यात पडून आहे. घरात कुणाला ताप-खोकला आला, आजोबांना धाप लागली की तो बाहेर निघतो. बोटाला लावला जातो, आकडा दिसतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. ९२ म्हणजे धोका की थंड बोटांमुळे झालेली चूक? रात्रीच दवाखाना गाठायचा की सकाळपर्यंत थांबायचं? हा निर्णय नेमका कसा घ्यायचा, ते समजून घेऊया.

हे यंत्र मोजतं तरी काय?

चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एक लाल प्रकाशाचा, दुसरा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा सेन्सर असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला असेल तर ते इन्फ्रारेड प्रकाश जास्त शोषतं. ऑक्सिजन सुटलेला असेल तर लाल प्रकाश जास्त शोषतं. बोटातून किती लाल आणि किती इन्फ्रारेड प्रकाश पार झाला, याच्या गुणोत्तरावरून यंत्र टक्केवारी काढतं.

पण बोटात हाड, कातडी आणि नखही असतं. त्यातून रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानमधील इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात याचं उत्तर शोधलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीतलं रक्त वाढतं आणि कमी होतं. हाड-कातडी मात्र तशीच राहते. त्यामुळे प्रकाशाचा जो भाग ठोक्यासोबत बदलतो, तेवढाच यंत्र मोजतं. म्हणूनच बोट हललं किंवा बोटात रक्त नीट पोहोचत नसलं, की आकडा चुकतो.

स्क्रीनवरचे दोन आकडे

`%SpO2` असं लिहिलेला आकडा ऑक्सिजनचा, तर `PRbpm` हा नाडीचा, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा. नाडीचे ८२ हे ऑक्सिजनचे ८२ समजून घर हादरल्याचे प्रकार घडतात. त्यामुळे आधी आकड्याशेजारची अक्षरं वाचा.

दुसरी गफलत स्क्रीन उलटी धरल्याने होते. डिजिटल घड्याळासारखे आकडे असलेल्या स्क्रीनवर `98` उलटं पाहिलं की चक्क `86` दिसतं. रुग्णाच्या समोर उभं राहून आकडा पाहणाऱ्यांची हमखास फसगत इथे होते. अक्षरं सरळ वाचता येत असतील, तरच आकडा सरळ आहे.

आकडा घेण्याची योग्य पद्धत

१. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आल्यावर किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजू नका.

२. हात थंड असतील तर चोळून किंवा कोमट पाण्यात बुडवून गरम करा आणि कोरडे करा. गडद नेलपॉलिश काढा. काळी मेंदी असेल तर ती नसलेलं बोट निवडा.

३. तर्जनी किंवा मधलं बोट चिमट्यात शेवटपर्यंत घाला. साधारणपणे स्क्रीन नखाच्या बाजूला येते. हात टेबलावर किंवा छातीवर, हृदयाच्या पातळीला ठेवा. थेट ऊन पडत असेल तर जागा बदला.

४. किमान ३० सेकंद ते एक मिनिट थांबा. सुरुवातीचे आकडे वर-खाली होतात, ते सोडून द्या. पाच सेकंद न बदलता टिकलेला आकडा तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

५. आजारपणात दिवसातून तीनदा, रोज साधारण त्याच वेळी मोजा. तब्येत बिघडल्यासारखी वाटली तर मधेही मोजा.

घरातले सगळे ठणठणीत असतानाचा प्रत्येकाचा आकडाही एकदा लिहून ठेवावा. एरवी ९८ असणाऱ्याचा ९४ आणि एरवी ९५ असणाऱ्याचा ९४, यांचा अर्थ वेगळा असतो.

आकडा खरा आहे का?

कमी आकडा दिसल्यावर सर्वात सोपी परीक्षा नाडीची. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. यंत्र ७८ दाखवतं आणि तुम्ही ८० मोजले, तर यंत्राला ठोके नीट कळत आहेत. यंत्र १३० म्हणतं आणि तुमच्या हाताला ८० लागतात, तर शेजारचा ऑक्सिजनचा आकडाही भरवशाचा नाही. अशा वेळी बोट बदला, हात गरम करा, बॅटरी बदला. मग तेच यंत्र घरातल्या निरोगी माणसाला लावून पाहा. त्यालाही ९१ दाखवत असेल तर दोष यंत्रात असू शकतो.

सगळं ठीक असलं तरी थोडा फरक राहतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त यंत्रावर ९० दिसत असेल तर खरा आकडा साधारण ८६ ते ९४ च्या दरम्यान असू शकतो. त्यामुळे एका आकड्यापेक्षा दिवसभरातला कल महत्त्वाचा.

त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना प्रत्यक्ष रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली असल्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ४ टक्क्यांहून कमी होतं. म्हणजे गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. सावळ्या रंगाच्या रुग्णाला धाप लागत असेल, तर ‘आकडा तर ९५ आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका.

कोणत्या आकड्याला काय करायचं?

पुढचे टप्पे बाहेरून ऑक्सिजन न लावलेल्या आणि फुप्फुसाचा जुना आजार नसलेल्या प्रौढांसाठी आहेत.

९५ ते १००: सामान्य. लक्षणं असतील तर नोंद चालू ठेवा.

९४: हात गरम करून पुन्हा मोजा. तासाभरात आकडा तसाच राहिला आणि ताप-खोकला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

९० ते ९३: केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांमध्ये तासाभरातल्या तीन नोंदींत ९३ किंवा त्याखाली आकडा आल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी, असं म्हटलं होतं. हाच नियम घरात पाळा. दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, रुग्णालयात जा.

९० च्या खाली: तासभर थांबू नका. दुसऱ्या बोटावर एकदा खात्री करा आणि १०८ ला फोन करा.

९० ची रेष का महत्त्वाची? रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि ही टक्केवारी सरळ रेषेत बदलत नाहीत. ९८ वरून ९४ पर्यंत येताना शरीराकडे थोडी शिल्लक असते. पण ९० च्या खाली उताराची कड लागते. तिथून दाब थोडा जरी घटला तरी टक्केवारी झपाट्याने कोसळते.

सीओपीडीसारखा जुना आजार असलेल्या काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हीच पातळी ठरवून देतात. त्यांनी डॉक्टरांनी दिलेला आकडा पाळावा आणि घरचा ऑक्सिजन मनाने वाढवू नये.

एक उदाहरण

समजा, ६४ वर्षांच्या आजोबांना ताप-खोकला आहे. एरवीचा आकडा ९७. पहिले तीन दिवस ९६-९७. चौथ्या दिवशी सकाळी ९५, दुपारी ९४. रात्री नऊला ९२ दिसतो, पण हात गार आहेत. हात चोळून सव्वानऊला दुसऱ्या बोटावर मोजल्यावर ९३ येतो. मनगटावरची नाडी १०४, यंत्रावर १०५. म्हणजे यंत्र ठोके बरोबर पकडतंय. साडेनऊला पुन्हा ९२.

आता त्यांच्या नकळत छाती-पोटाची हालचाल पाहून एक मिनिट श्वास मोजायचे. ते २६ भरतात. निरोगी प्रौढात बसल्या जागी साधारण १२ ते २० असतात, २४ च्या पुढे गेले की काळजीचं. तासाभरात तीन वेळा ९३ किंवा त्याखाली, दिवसभर उतरता कल आणि वाढलेले श्वास. निर्णय झाला, त्याच रात्री रुग्णालय. जाताना आकड्यांचा कागद आणि चालू औषधं सोबत घ्यायची, रुग्णाला टेकून बसवूनच न्यायचं. अशा वेळी ‘जरा चालवून बघू’ म्हणत सहा मिनिटं चालण्याची चाचणी करायची नाही. बसल्या जागीच आकडा कमी असताना ती धोक्याची आहे.

आकडा चांगला, तरी धोका

बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांना किंवा गॅस गिझर लावलेल्या कोंदट बाथरूममध्ये अंघोळ करणाऱ्यांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा होऊ शकते. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साधं ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजनच समजतं. माणूस चक्कर येऊन पडलेला असताना स्क्रीनवर ९८ दिसू शकतं. अशा वेळी ऑक्सिमीटर शोधत बसू नका. गॅस बंद करा, रुग्णाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

रक्तक्षयातही आकडा फसवतो. असलेलं हिमोग्लोबिन किती भरलेलं आहे एवढंच यंत्र सांगतं, ते मुळात किती आहे हे सांगत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या बोटात प्रौढांचा चिमटा नीट बसत नाही. बाळाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील, दूध पिताना दम लागत असेल, तर आकडा न पाहता डॉक्टरांकडे जा.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर स्क्रीनवर कितीही आकडा असो, लगेच मदत घ्या:

- एक वाक्य सलग बोलता न येणं
- छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं वाटणं
- ओठ, जीभ किंवा हिरड्या निळसर-करड्या पडणं
- अचानक गोंधळल्यासारखं वागणं, जागं करूनही जाग न येणं

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. फोन करताना वय, शेवटचे दोन-तीन आकडे, श्वासांची संख्या आणि घराजवळची ओळखीची खूण सांगा.