घड्याळाचा सेल बदलताना जपावी ती रबरी कडी

सेकंदकाटा चार-चार सेकंदांनी उडी घेऊ लागला, की अनेक क्वार्ट्झ घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते. मागचे झाकण दाबून बसवलेले असेल, तर तो घरीही बदलता येतो. कडेच्या खाचेत बोथट पाते घालून झाकण हलकेच उचकटावे.

नवा सेल जुन्यावरील क्रमांक पाहूनच घ्यावा. ‘३७७’ हा १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल गळण्याची भीती अधिक. तो प्लॅस्टिकच्या चिमट्याने बसवावा. शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्याची तार केसाहून बारीक असते. ती तुटली, की नवा सेलही निरुपयोगी.

खरी चूक होते ती झाकण लावताना. कडेची रबरी कडी चपटी झाली वा चिरली असेल, तर ती बदलावी. चांगली असल्यास तंतू पुसून सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात फिरवावा आणि ती खोबणीत नीट बसवावी. झाकणाला चावीच्या दांड्यासाठी खाच असल्यास ती चावीसमोर आणून दोन्ही अंगठ्यांनी दाबावे. एका बाजूस फट राहिली, तर कडी दुमडली असे समजून झाकण पुन्हा काढावे. जोर लावल्यास काच तडकते. दाबचाचणी होईपर्यंत मात्र घड्याळ पाण्यापासून दूरच ठेवावे.