वाळूच्या ट्रेमधला हिमालय आणि किल्लारी

भूपट्ट सरकतात, एकमेकांवर रेटले जातात, त्यातून पर्वत उभे राहतात आणि भूकंप होतात, हे मुलांना पाठ असतं. पण ‘पर्वत आधी कुठे उचलला जाईल?’ असं विचारलं की पाठांतर कामी येत नाही. वाळूचा ट्रे आणि लाकडी ठोकळे नेमके इथे उपयोगी पडतात. अट एकच: ठोकळ्याला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्यामागचं कारण वहीत लिहायचं. प्रयोग पाहून झाल्यावर ‘मला हे माहीतच होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं. आधी लिहिलेलं वाक्य मात्र बदलत नाही.

पारदर्शक बाजूंचा लांबट ट्रे घ्या. एका टोकाला ट्रेच्या रुंदीएवढा ठोकळा उभा करा. उरलेल्या भागात चाळलेली, पूर्ण कोरडी, बारीक वाळू तीनेक सेंटिमीटर जाडीची पसरा. मध्ये दोन ठिकाणी रंगीत रांगोळीचे पातळ थर द्या, म्हणजे आत काय घडतं ते बाजूने दिसेल. आता पहिला प्रश्न: ठोकळा हळूहळू पुढे ढकलला, तर वाळू सगळीकडे सारखी उचलली जाईल, दूरच्या टोकाला साचेल, की ठोकळ्याजवळ?

ठोकळा एकेक सेंटिमीटर सरकवा. वाळू आधी ठोकळ्यालगत फुगते. बाजूने पाहिलं तर रांगोळीची रेघ तिरपी तुटून एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला दिसतो. हाच प्रस्तरभंग. आणखी ढकललं की त्याच्या पुढे नवा भंग तयार होतो. म्हणजे डोंगर ठोकळ्याकडून बाहेरच्या बाजूला वाढत जातो. हिमालयाचंही असंच आहे. उत्तरेकडचे मोठे भंग जुने, तर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचा भंग सर्वांत नवा. इथे ठोकळा म्हणजे तिबेट आणि वाळू म्हणजे भारताचं कवच. प्रत्यक्षात भारत उत्तरेकडे सरकतो, ट्रेमध्ये ठोकळा सरकतो. दोघांमधलं अंतर कमी होणं महत्त्वाचं, म्हणून परिणाम तोच. वाळूची ढेकळं होऊन ती उभी तडकू लागली, तर ती ओलसर आहे असं समजा. ती वाळवून पुन्हा सुरुवात करा.

दुसरा प्रश्न: या ट्रेमध्ये किल्लारी कुठे असेल? बरीच मुलं ठोकळ्याजवळ बोट ठेवतात, कारण ‘भूकंप पट्टांच्या कडेला होतात’ हे त्यांनी वाचलेलं असतं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो लोकांचा बळी घेणारा किल्लारीचा भूकंप पट्टाच्या आत, कडेपासून खूप दूर झाला. सुटी वाळू दाब इतक्या लांबवर पोहोचवत नाही. ही या प्रतिकृतीची मर्यादा आहे आणि ती मुलांना स्पष्ट सांगायला हवी. मग वाळू काढून ट्रेमध्ये ठोकळ्यांची सलग रांग लावा. मधला एक ठोकळा तिरपा कापलेला असू द्या आणि त्यावर सेंटिमीटरभर वाळू पसरा. टोकाचा ठोकळा रेटला की कापलेला अर्धा भाग दुसऱ्यावर चढतो आणि वरची वाळू फक्त तिथे उचलली जाते. कडक पट्ट दाब दूरवर पोहोचवतो आणि आतली जुनी कमजोर जागा हलते. किल्लारीतही जमिनीखाली एक भाग दुसऱ्यावर असाच चढला होता.

दाब सतत असतो, तर जमीन अचानक का हलते? शेवटचा प्रयोग त्यासाठी आहे. सँडपेपर चिकटवलेल्या फळीवर ठोकळा ठेवा, त्याला रबरबँड आणि पुढे दोरी बांधा. दोरी हाताने ओढली तर हिसके बसतात. ती पेन्सिलीवर सावकाश गुंडाळा. रबर ताणत जातं, ठोकळा जागचा हलत नाही आणि मग एकदम घसरतो. प्रत्येक वेळी तो किती सरकला ते पट्टीने मोजा. पाचेक नोंदी झाल्यावर विचारा: पुढची घसर केव्हा आणि किती असेल?

मुलं सरासरी काढतात आणि बहुतेक वेळा चुकतात. घसरी सारख्या नसतात, कारण प्रत्येक वेळी लाकूड आणि खरखरीत कागद वेगळ्या जागी अडकतात. ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवला तर रबर जास्त ताणलं जातं आणि घसरही सहसा मोठी होते, एवढं मात्र सांगता येतं. हिमालयात भारत आणि तिबेट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांजवळ येतात. भंग अडकून राहिला, तर शंभर वर्षांत २ मीटर ताण साठतो. तो कुठे साठतोय हे मोजता येतं, तो कोणत्या दिवशी सुटेल हे नाही. म्हणून भूकंपाची तारीख सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका. आपलं घर हादरा सोसेल का, हे अभियंत्याला विचारा.