जादा कर्ण आणि ऊर्जेचा हिशेब

पोलादी पट्ट्यांची चौकोनी चौकट नुसतीच उभी केली, तर हाताने ढकलताच ती तिरकी होते. एक कर्ण बसवला की प्रश्न मिटतो. तरीही बांधणारे बहुतेकदा फुलीच मारतात, आणि दुसरा कर्ण आला की गणित अडते.

एक चौकट घेऊ. बाजू 2 मीटर, सहाही पट्ट्यांचा छेद 5 चौरस सेंटिमीटर, सांधे बोल्टचे पण मोकळे फिरणारे. खालचा डावा कोपरा जखडलेला, उजवा रोलरवर. वरच्या डाव्या कोपऱ्यावर 10 किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे एक टनाचा, आडवा धक्का उजवीकडे दिला. एकच कर्ण असेल, डाव्या पायापासून उजव्या माथ्यापर्यंत, तर सांध्यांचा समतोल मांडून उत्तर मिळते: कर्णात 14.14 किलोन्यूटन ताण. दुसरा कर्ण बसवला की अज्ञात बळे नऊ आणि समीकरणे आठच. जादा कर्णात कितीही दाब धरा, समतोल बिघडत नाही.

नववे समीकरण पट्ट्यांच्या लांबीतून येते. जादा कर्ण मनातल्या मनात कापा. धक्क्याने चौकट कलते आणि कापलेली टोके 0.683 मिलिमीटरने एकमेकांवर चढतात. खरी पट्टी अखंड असल्याने हे चढणे शून्यावर आले पाहिजे. कापलेल्या जागी 1 किलोन्यूटन दाब दिला, तर चौकट थोडी पसरते, पट्टी थोडी आखडते आणि 0.0966 मिलिमीटर भरून निघतात. भागाकार 7.07. जादा कर्णात तेवढा दाब, पहिल्या कर्णात तेवढाच ताण आणि चारही बाजूंत 5-5 किलोन्यूटन.

इटलीच्या आल्बेर्तो कास्तिल्यानोने 1873 मध्ये तूरिनच्या प्रबंधात हेच ऊर्जेच्या भाषेत मांडले. त्याआधी 1858 मध्ये मेनाब्रेआने हे तत्त्व सांगितले होते. हा लष्करी अभियंता पुढे देशाचा पंतप्रधानही झाला. ताणलेल्या-दाबलेल्या पट्ट्यांत साठलेली ऊर्जा मोजून पाहा. जादा कर्णात दाब शून्य धरला तर ती 4.83 ज्यूल येते, 5 किलोन्यूटनला 2.62, 10 ला 2.83. सर्वांत कमी 7.07 ला, 2.41 ज्यूल. दोन्ही वाटा एकाच उत्तराशी पोचतात, कारण ऊर्जा किमान असणे म्हणजेच ती टोके नेमकी जुळणे.

हे उत्तर काही अटींवरच खरे आहे. पट्टी बारीक असली तर दाबाखाली वाकून निकामी होते आणि पहिल्या कर्णावर पुन्हा 14.14 येतात. मापातली चूक तर त्याहून वाईट. जादा कर्ण 1 मिलिमीटरने आखूड कापला आणि ओढून बोल्ट ठोकला, तर धक्क्याआधीच दोन्ही कर्णांत सुमारे 10.4 किलोन्यूटन ताण बसतो. मग धक्का आला की पहिल्या कर्णात 17.4 होतात. एकट्या कर्णावर आले असते त्याहून हे जास्त आहे.