जठर ओलांडून जाणारी गोळी

पँटोप्राझोल ही आम्लपित्तावरची गोळी आज कितीतरी घरांत रोज घेतली जाते. तिच्या पट्टीवर नावाशेजारी बारीक अक्षरांत ‘ईसी’, ‘डीआर’ किंवा ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ असे छापलेले असते. या गोळीच्या बाबतीत तिन्हींचा अर्थ एकच: ती जठरात विरघळू नये, पुढे लहान आतड्यात गेल्यावरच विरघळावी, अशी तिची बांधणी आहे.

ही किमया तिच्यावरच्या पातळ लेपाची. जठरातला रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि त्यात हा लेप टिकून राहतो. लहान आतड्यात आम्लता कमी होते, पीएच साधारण साडेपाचच्या वर जातो, तेव्हा तो विरघळतो. अशा गोळ्यांची कारखान्यातली चाचणीही याच क्रमाने होते. आधी 2 तास त्या आम्लात ठेवतात, तेव्हा त्यांना तडाही जाता कामा नये. मग कमी आम्लतेच्या द्रावणात त्या ठरलेल्या वेळेत विरघळाव्या लागतात.

पँटोप्राझोलला हे कवच लागते, कारण आम्ल कमी करणारे हे औषध स्वतः मात्र आम्लात टिकत नाही. गोळी चावली किंवा कुटली, तर औषधाचा बराचसा भाग जठरातच नष्ट होतो. तोडलेल्या अर्ध्या गोळीचेही तेच, कारण तुटलेली बाजू उघडी पडते. गोळी अखंड गेली, तर औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि रक्तावाटे जठराच्या भिंतीतल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. तिथे ते आम्ल बाहेर टाकणाऱ्या ‘पंपां’ना चिकटून त्यांना बंद पाडते.

वेळेचे महत्त्व इथेच आहे. हे औषध चालू असलेल्या पंपांनाच बंद करू शकते, आणि सर्वाधिक पंप चालू होतात ते जेवताना. रक्तात मात्र ते थोडेच तास राहते. म्हणून सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यायला सांगतात. भरल्या पोटी घेतलेली अखंड गोळी अन्न पुढे सरकेपर्यंत जठरातच अडकून राहू शकते. औषध रक्तात पोचते तोवर बरेचसे पंप थंडावलेले असतात.

समजा, एका आजोबांना गोळी गिळता येत नाही, म्हणून घरचे ती कुटून मधातून देतात, तीही नाश्त्यानंतर. आठवडा झाला तरी जळजळ कमी होत नाही. ‘हे औषध लागू पडत नाही’ असे समजून गोळ्या दोन केल्या जातात. खरे तर औषध पोचलेलेच नसते. अशा वेळी डॉक्टरांना आधी हे सांगावे की गोळी कशी आणि केव्हा दिली. गिळण्याचा त्रास असेल, तर दुसऱ्या स्वरूपातले औषध मिळू शकते. निम्मा डोस हवा असेल, तर 40 मिलिग्रॅमची गोळी तोडू नये. 20 मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळते.

काही गोळ्यांत हिशेब उलटा असतो. डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनवरचा लेप औषधाला नव्हे, तर जठराच्या अस्तराला वाचवतो. पण ही औषधे रक्तात मिसळल्यावरही अस्तराचे नैसर्गिक संरक्षण कमी करतात. त्यामुळे लेप आहे म्हणून रक्तस्रावाचा धोका संपत नाही. शौच काळी, डांबरासारखी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

बद्धकोष्ठतेवरची बिसाकोडिल गोळी बरेच जण रात्री दुधाबरोबर घेतात. दूध किंवा अँटासिडमुळे जठरातली आम्लता घटते, लेप तिथेच विरघळतो आणि पोटात कळा येऊ शकतात. म्हणून यात किमान एक तासाचे अंतर ठेवावे. ही गोळी 6 ते 12 तासांनी काम करते, म्हणून ती झोपताना पाण्याबरोबर घेणे सोयीचे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असताना डॉक्टर अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, कारण तेव्हा औषध काही मिनिटांत रक्तात जायला हवे असते. त्यासाठी बिनलेपाची गोळी योग्य. लेपाचीच हाताशी असेल तर तीही चावायला सांगतात. मात्र हा निर्णय स्वतः न घेता आधी 108 ला फोन करावा.

घरात कोणी गोळ्या तोडून वा कुटून घेत असेल, तर आजच त्या पट्ट्या तपासा. ईसी, डीआर किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट छापलेले दिसले, तर पुढची गोळी कुटण्याआधी औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा.