टायटॅनिकच्या तक्त्यातली सर्वांत लांब पट्टी

संगणकाला अंदाज बांधायला शिकवणारे जगभरातले विद्यार्थी एका तक्त्यावर हमखास हात बसवतात. त्यात टायटॅनिकच्या 1309 प्रवाशांची नोंद आहे. एका ओळीत एक प्रवासी, आणि त्याच्यापुढे वय, लिंग, वर्ग, तिकिटाचे पैसे, कुठल्या बंदरावर चढला, आणि शेवटी वाचला की नाही. मॉडेल तयार झाले की पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा एक आलेख येतो. सर्वांत वर, सर्वांत लांब पट्टी `sex` या रकान्याची असते. त्याखाली तिकिटाचे पैसे, वय वगैरे. पाहणारा लगेच वाचतो : माणूस वाचला तो मुख्यतः लिंगामुळे, मग पैशामुळे, मग वयामुळे. हे वाचन चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे याच तक्त्यावरून नीट कळते.

आधी पट्टी मोजते काय ते पाहू. 1309 पैकी 500 प्रवासी वाचले. या सगळ्यांतून डोळे मिटून दोनदा एकेक नाव उचलले, तर एक वाचलेला आणि एक बुडालेला निघण्याची शक्यता साधारण 47 टक्के. गट किती मिसळलेला आहे याचे हे माप. निर्णयवृक्ष, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत गट फोडत जाणारे मॉडेल, पहिला प्रश्न विचारतो : स्त्री की पुरुष? 466 स्त्रियांपैकी 339 वाचल्या, 843 पुरुषांपैकी फक्त 161. गट फोडल्यावर दोन्हीकडची मिसळ सरासरीने 34 टक्क्यांवर उतरते. ही जी तेरा टक्क्यांची घट झाली ती `sex` रकान्याच्या खात्यावर जमा होते. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला असेच गुण मिळतात. लिओ ब्रायमन यांनी 2001 मध्ये मांडलेल्या रँडम फॉरेस्टमध्ये अशी शेकडो झाडे असतात; सगळ्यांतली बेरीज करून तिची सरासरी काढली की पट्टीची लांबी ठरते. प्रोग्रॅममध्ये तिचे नाव `feature_importances_`.

थोडक्यात, पट्टी सांगते की या तक्त्यातली माणसे दोन ढिगांत वेगळी करायला मॉडेलने कुठल्या रकान्याचा किती उपयोग केला. ती माणसे तशी का विभागली गेली, हा प्रश्न त्या हिशोबात कुठेही विचारलेला नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा `boat` नावाच्या रकान्यात आहे. मूळ तक्त्यात, प्रवासी कुठल्या जीवरक्षक होडीतून सुटला तिचा क्रमांक दिलेला असतो. बुडालेल्या बहुतेकांपुढे अर्थातच ती जागा रिकामी. हा रकाना चुकून आत राहिला, तर त्याची पट्टी बाकी सगळ्यांना खुजे करून टाकते आणि मॉडेलचा अंदाज जवळजवळ बिनचूक होतो. पण होडीचा क्रमांक ही सुटकेनंतर झालेली नोंद आहे. परिणामच कारणाच्या जागी येऊन बसला, आणि पट्टीला त्यातला फरक कळत नाही. म्हणून एखादी पट्टी संशय यावा इतकी लांब दिसली, तर आधी विचारावे : ही माहिती निकालाच्या आधी हाती होती का?

दुसरा घोटाळा हिशोबाच्या पद्धतीतच आहे. तक्त्यात एक रकाना मुद्दाम घालावा आणि त्यात कशाशीही संबंध नसलेले आकडे ओतावेत. झाडे अगदी टोकापर्यंत वाढू दिली तर हा निरर्थक रकानाही वरच्या पट्ट्यांत जाऊन बसतो. स्त्री-पुरुष असा रकाना एकाच ठिकाणी फोडता येतो. हजार वेगवेगळे आकडे असलेला रकाना हजार ठिकाणी. इतक्या संधी मिळाल्या की निव्वळ योगायोगाने कुठे ना कुठे थोडी मिसळ कमी होतेच, आणि तिचे गुण जमा होत राहतात. तिकिटाचे पैसे आणि वय यांच्या पट्ट्याही अंशतः याच कारणाने फुगतात. यावर उपाय आहे. मॉडेलने न पाहिलेल्या प्रवाशांवर एक रकाना पत्त्यांसारखा पिसावा आणि अंदाज किती बिघडतो ते पाहावे. निरर्थक रकान्याची पट्टी मग शून्यापाशी येते. मात्र इथे पुष्कळ जण थांबतात आणि समजतात की आता उरले ते कारण. तसे नाही. ही दुरुस्ती उपयोग अधिक चोख मोजते, एवढेच.

चढण्याचे बंदर घ्या. शेरबूर्गला चढलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वाचले, साउदॅम्प्टनला चढलेल्यांपैकी फक्त एक तृतीयांश. साउदॅम्प्टनच्या माणसाने शेरबूर्गला तिकीट काढले असते तर तो वाचला असता का? अजिबात नाही. शेरबूर्गला चढलेल्यांत निम्म्याहून अधिक पहिल्या वर्गाचे होते, इतकेच.

आणि लिंग? ती पट्टी तर खरीच आहे, असे वाटेल. त्या रात्री डेकवर हुकूम होता, स्त्रिया आणि मुले आधी. डाव्या बाजूला अधिकारी लाइटोलर यांनी त्याचा अर्थ ‘फक्त स्त्रिया आणि मुले’ असा घेतला. उजव्या बाजूला मर्डॉक जवळपास स्त्रिया नसतील तर पुरुषांनाही होडीत बसू देत होते. एखादा पुरुष कुठल्या बाजूला उभा होता यावर त्याचे बरेच अवलंबून होते, आणि तक्त्यात तो रकाना नाही. स्त्रियांना वाचवले ते एका हुकुमाने, आणि तो अमलात आणायला दोन तास चाळीस मिनिटे मिळाली म्हणून. 1915 मध्ये लुसिटानिया अठरा मिनिटांत बुडाले. तिथे वाचलेल्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून फारसे वेगळे नव्हते. स्वीडनमधल्या एलिंडर आणि एरिक्सन या दोन संशोधकांनी 2012 मध्ये अठरा जहाज-दुर्घटनांतल्या पंधरा हजारांवर माणसांच्या नोंदी तपासल्या. एकूण पाहता स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी वाचल्या होत्या, आणि सर्वांत जास्त वाचले होते ते खलाशी. टायटॅनिकवर शिकलेले मॉडेल त्या जहाजांवर लावले असते तर अंदाज उलटे पडले असते. लांब पट्टीमागे एका रात्रीची, एका जहाजाची परिस्थिती होती.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट वेगळी वाटते. टायटॅनिकवर सुमारे 2200 माणसे होती आणि होड्यांत जागा 1178. इतके लोक मेले त्याचे एक मोठे, मानवी हातातले कारण हेच. पण या कारणाला आलेखात पट्टी मिळूच शकत नाही. होड्यांची कमतरता 1309 ओळींत सगळ्यांसाठी सारखीच होती, आणि जे सगळ्यांना सारखे आहे त्यावरून कोणालाही वेगळे काढता येत नाही. पट्ट्या फरक दाखवतात. सर्वांवर एकदम कोसळलेले कारण त्यांच्या नजरेबाहेर राहते.

आज असेच आलेख कर्ज कोण बुडवेल, शाळा कोण सोडेल, कुठल्या शेतात उत्पन्न घटेल अशा प्रश्नांवर निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवले जातात. तुमच्यापुढे असा आलेख आला तर वरच्या पट्टीकडे बोट दाखवून विचारा : ही गोष्ट आपण उद्या बदलली, तर निकाल बदलेल असे कशावरून? त्याचे उत्तर आलेखातून येणार नाही. खरोखर बदल करून पाहिलेल्या प्रयोगातून, किंवा लुसिटानियासारख्या वेगळ्या परिस्थितीशी केलेल्या तुलनेतून येईल. आणि दुसरे विचारा : या तक्त्यात सगळ्यांच्या बाबतीत सारखे काय होते? टायटॅनिकनंतर 1914 मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात नियम ठरला तो याच गोष्टीचा. जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी होडीत जागा हवी.