कळसूबाईच्या माथ्यावर वाचायचा अभंग

रात्री तीनच्या सुमारास बारी गावातून निघालेली मंडळी लोखंडी शिड्या चढून कळसूबाईच्या माथ्यावर पोचतात तेव्हा पूर्वेला तांबडं फुटायला लागलेलं असतं. उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. जागा अरुंद, देवीचं छोटं देऊळ, भन्नाट वारा आणि धापा टाकणारी माणसं. इथे कुणी खिशातून कागद काढून कविता वाचू लागलं की बहुतेक वेळा ती कुणालाच ऐकू जात नाही. दोष वाचणाऱ्याचा कमी, कवितेचा जास्त. ती घरात बसून घरातल्या श्रोत्यांसाठी लिहिलेली असते.

दमलेल्या माणसाला लांब ओळ वाचता येत नाही आणि ऐकताही येत नाही. लांब वाक्याचं क्रियापद येईपर्यंत वारा कर्ता उडवून नेतो. म्हणून माझी पसंती मोठ्या अभंगाला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. सहा अक्षरं एका श्वासात सहज बसतात. यमक कानाला आधीच सावध करतं, त्यामुळे एखादं अक्षर हरवलं तरी चरण कळतो. आणि शेवटचा चार अक्षरांचा चरण आखूड असल्याने तिथे थांबून दम घेता येतो. वारकरी चालता चालता अभंग म्हणतात, ते काही उगाच नाही.

अशा वेळी वाचायला मी केलेला अभंग असा:

बारीच्या वाटेने । निघालो अंधारी ।
लोखंडी पायरी । गारगार ॥

पुढच्याची टाच । मागच्याचे डोळे ।
दिव्यांचे वेटोळे । डोंगरास ॥

अलंग मदन । उठले कुलंग ।
निळा-काळा रंग । सोडताना ॥

उगवतीकडे । करा थोडी पाठ ।
सावलीशी गाठ । पडो आता ॥

डोंगराएवढी । पडली सावली ।
तिच्यात मावली । आपलीही ॥

यात सूर्य कुठेच नाही, हे मुद्दाम. तो समोर उगवत असताना त्याचं वर्णन कोण ऐकणार? शिवाय त्या मिनिटाला सगळ्यांचे मोबाइल वर असतात. म्हणून पहिली तीन कडवी सूर्योदयाच्या दहाएक मिनिटं आधी वाचायची. तेव्हा मोठ्या अक्षरातला कागद विजेरीशिवाय दिसतो. मात्र सगळ्यांत मागे राहिलेला गडी वर आल्याशिवाय सुरुवात करायची नाही. मग गप्प बसायचं आणि सूर्य वर येऊ द्यायचा. उरलेली दोन कडवी त्यानंतर.

ती कशासाठी, हे पश्चिमेला वळल्यावर कळतं. हवेत थोडं धुरकं असेल तर कळसूबाईची सावली दूरवर त्रिकोणी पसरलेली दिसते. डोंगर कुठल्याही आकाराचा असो, सावली त्रिकोणीच भासते. तिच्या कडा प्रत्यक्षात जवळजवळ समांतर असतात, पण रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे वाटतात तशा त्याही जुळताना दिसतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे सरकलेला असल्याने ही सावली वायव्येकडे झुकते. सूर्य वर चढेल तशी ती आखडत जाते, त्यामुळे तिकडे लगेच वळायला हवं. बहुतेक मंडळी पूर्वेकडेच बघत राहतात आणि हा खेळ हुकतो. चौथं कडवं म्हणजे कवितेच्या रूपात दिलेली सूचनाच आहे. दिनदर्शिकेतल्या वेळेवर मात्र विसंबू नये. माथा उंच असल्याने सूर्य दोन-चार मिनिटं लवकर दिसू शकतो, आणि क्षितिजावर धुरकं दाट असेल तर चांगलाच उशिराही.

वाचणाऱ्याने वारा ज्या बाजूने येतो तिकडे उभं राहावं आणि श्रोत्यांना समोर घ्यावं, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर त्यांच्याकडे जातो. उलट बाजूला उभं राहिलं तर घसा फाडूनही उपयोग नाही. वारा फारच असेल तर सगळ्यांनी देवळाच्या आडोशाला जावं. ‘स’, ‘श’ अशी फुसफुसणारी अक्षरं वाऱ्यात विरतात, ‘आ’, ‘ओ’ पोचतात. ‘वेटोळे’, ‘डोंगरास’, ‘पाठ’, ‘गाठ’ हे शब्द निवडताना अर्थाइतकाच हा हिशेब होता. ‘सावली’ला मात्र पर्याय सापडला नाही, तेव्हा तिथला ‘सा’ लांबवायचा. कागदाऐवजी पुठ्ठा बरा, कागद फडफडतो.

पावसाळ्यात माथा ढगात असतो. तेव्हा अलंग-मदन-कुलंग दिसत नाहीत आणि सावलीही पडत नाही. मग पहिली दोन कडवी वाचून थांबायचं. न दिसणाऱ्या गोष्टी कवितेत ऐकवल्या की गटातला एखादा हमखास फिदीफिदी हसतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

दुसऱ्या डोंगरावर हाच अभंग जसाच्या तसा चालणार नाही. बागलाणातल्या साल्हेरवर जायचं असेल तर तिथे कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, तेव्हा ‘लोखंडी’च्या जागी ‘दगडी’ घालावं. दोन्हींत अक्षरं तीनच. गावाचं नाव बदलावं. तिसरं कडवं मात्र नव्याने बांधावं लागेल, कारण शेजारचा सालोटा साल्हेरच्या पूर्वेला आहे आणि पहाटे तो उजेडाच्या बाजूला काळाच दिसतो.