तिसऱ्या ओळीतले शनिवार-रविवार

बँकेच्या शाखेचं मस्टर एक्सेलमध्ये करायला घेतलं की शनिवारांचा प्रश्न पहिल्यांदा येतो. 1 सप्टेंबर 2015पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. पहिला, तिसरा आणि आलाच तर पाचवा कामाचा. त्यामुळे 'शनिवार-रविवार रंगवा' एवढ्या सूचनेवर इथे भागत नाही. ऑगस्ट 2026चंच घ्या. महिना शनिवारी सुरू होतो, म्हणून शनिवार पाच आणि रविवारही पाच. त्यात रंगवायचे रकाने सातच: 2, 8, 9, 16, 22, 23 आणि 30.

बरेच जण हे रकाने हातानेच रंगवतात आणि पुढच्या महिन्यात तीच शीट कॉपी करतात. तारखा सरकतात, रंग जुन्याच जागी राहतो. रंग तारखेकडे बघून ठरायला हवा, आणि त्यासाठी आधी तारीख ही खरी तारीख हवी. माझ्या शीटमध्ये तारखा तिसऱ्या ओळीत, C3पासून AG3पर्यंत असतात. हाताने टाइप करायची ती फक्त पहिली, तीही `1-Aug-2026` अशी, महिन्याचं नाव अक्षरांत लिहून. पुढे D3मध्ये `=C3+1` आणि तेच उजवीकडे ओढायचं. सेलचा फॉरमॅट `d` ठेवला की दिसतो नुसता आकडा, पण आत पूर्ण तारीख असते.

अक्षरांत लिहिण्याचं कारण आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल आणि कोणी सगळ्या तारखा 1/8/2026, 2/8/2026 अशा हाताने भरल्या, तर एक्सेल 3/8 म्हणजे 8 मार्च समजतं. तेराव्या महिन्याची सोय नसल्याने 13/8पासून पुढचं सगळं नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटतं. अशा शीटवर रंगाचा नियम लावला तर 2, 3, 8 आणि 11 रंगतात आणि तेरानंतर सगळं कोरं. तीन ऑगस्टचा सोमवार रंगलेला दिसला की नियम तपासत बसू नये, तारखा तपासाव्यात.

नियम असा. C3:AG40 निवडायचं, `Conditional Formatting`मध्ये `New Rule`, आणि त्यात सूत्राने ठरवण्याचा पर्याय:

```
=OR(WEEKDAY(C$3,2)=7,
 AND(WEEKDAY(C$3,2)=6,
 ISODD(INT((DAY(C$3)-1)/7))))
```

`WEEKDAY`मधल्या 2मुळे सोमवार 1 धरला जातो, म्हणून शनिवार 6 आणि रविवार 7. शेवटची ओळ कितवा शनिवार ते ओळखते. दुसरा शनिवार 8 ते 14मध्येच पडतो आणि चौथा 22 ते 28मध्ये. तारखेतून एक वजा करून सातने भागलं की या दोन टप्प्यांत पूर्णांक 1 आणि 3 येतात. दोन्ही विषम, बाकीच्या टप्प्यांत 0, 2 किंवा 4.

खरी गंमत डॉलरच्या चिन्हात आहे. ते फक्त 3च्या आधी हवं: ओळ बांधलेली, रकाना मोकळा. `$C$3` लिहिलं तर सगळे रकाने एक तारखेकडेच बघतात. ऑगस्टची एक तारीख पहिला शनिवार असल्याने शीटभर रंगच येत नाही. उलट डॉलर अजिबात नसेल, तर प्रत्येक सेल स्वतःलाच तारीख समजून तपासला जातो. एक्सेलच्या लेखी रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे '0 जानेवारी 1900', वार शनिवार! त्यामुळे कोरं मस्टर अख्खं रंगून निघतं आणि जिथे P भरावा तिथला रंग उडत जातो. हे एकदा पाहिलं की निदान चटकन होतं.

हाच शून्याचा शनिवार फेब्रुवारीत पुन्हा भेटतो. 29, 30, 31चे मथळे कोणी डिलीट केले की ते तिन्ही रकाने रंगतात. उपाय म्हणून AE3मध्ये हे सूत्र ठेवावं आणि AG3पर्यंत ओढावं:

```
=IF(AD3="","",IF(MONTH(AD3+1)=MONTH($C$3),AD3+1,""))
```

महिना संपला की इथे रिकामा मजकूर येतो. त्यावर `WEEKDAY` चूक देतं, आणि रंगाच्या नियमात चूक म्हणजे 'नाही'. रकाना पांढरा राहतो.

आता 15 ऑगस्ट. 2026मध्ये तो तिसरा शनिवार आहे, नियमाप्रमाणे कामाचा, पण बँक बंद. अशा सुट्ट्यांची यादी बाजूला AJ2:AJ20मध्ये लिहून दुसरा नियम लावावा, `=AND(ISNUMBER(C$3),COUNTIF($AJ$2:$AJ$20,C$3)>0)`, आणि त्याला वेगळा रंग द्यावा, कारण साप्ताहिक सुट्टी आणि सणाची सुट्टी मस्टरमध्ये एक नव्हे. शाखेचा प्रिंटर बहुधा काळा-पांढराच असतो. फिका पिवळा त्यावर उमटत नाही. साप्ताहिक सुट्टीला मध्यम करडा आणि सणाला तिरप्या रेघांचा पॅटर्न घेतला तर कागदावरही फरक कळतो आणि सहीचा कॉलम चुकत नाही.